गिरणगाव मँचेस्टर: नळ, संडास आणि बाळांचे मरण

१८४२ साली एडविन चॅडविक या इंग्रज अधिकाऱ्याने ब्रिटनमधील कष्टकऱ्यांच्या आरोग्यस्थितीचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातले एक छोटे कोष्टक गेली अनेक वर्षे माझ्या मनातून जात नाही. मँचेस्टर शहरात मृत्यू पावलेल्या माणसांचे सरासरी वय त्यात वर्गवार दिलेले आहे. सधन आणि सुशिक्षित कुटुंबांत ते ३८ वर्षे होते, दुकानदार-व्यापाऱ्यांच्या कुटुंबांत २० आणि मजूर-कारागिरांच्या कुटुंबांत १७. शेजारच्याच स्तंभात रटलंड या शेतीप्रधान परगण्याचे आकडे आहेत: ५२, ४१ आणि ३८. म्हणजे रटलंडमधल्या शेतमजुराचे आणि मँचेस्टरमधल्या श्रीमंताचे मृत्यूचे सरासरी वय एकच होते. मजुरी मात्र मँचेस्टरमध्ये जास्त होती. शेतात राबणाऱ्याला आठवड्याला दहा शिलिंगांच्या आसपास मिळत असताना निपुण सूतकाताऱ्याला त्याच्या दुपटीहून अधिक मिळे. जास्त पैसा मिळणाऱ्या गावात माणसे लवकर का मरत होती, हे मला नीट समजून घ्यायचे होते.

पुण्यात राहणाऱ्या माणसाने मँचेस्टरचा एवढा विचार का करावा, असे कुणी विचारील. माझे लहानपण आकुर्डीजवळच्या एका बैठ्या चाळीत गेले. वडील साताऱ्याकडून कारखान्यात नोकरीला आले, मग त्यांच्या मागून दोन चुलते आले आणि गावाकडची आणखी काही मुले आली. पिंपरी-चिंचवड हे कारखान्यांनी घडवलेले शहर आहे आणि मी त्याच्याबरोबरच वाढलो. त्यामुळे कारखान्याभोवती माणसे गोळा होतात तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्न मला पुस्तकात भेटण्याच्या आधी घरात भेटला होता. तो सर्वात आधी आणि सर्वात मोठ्या प्रमाणावर जिथे घडला ते गाव मँचेस्टर आहे.

आधी त्या १७ या आकड्याविषयी, कारण तो फार वेळा चुकीचा वाचला जातो. मँचेस्टरचा मजूर सतराव्या वर्षी मरत होता, असा त्याचा अर्थ नाही. नोंदल्या गेलेल्या मजूरवर्गीय मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू पाच वर्षांखालच्या मुलांचे होते आणि त्यांनी सरासरी खाली ओढली होती. शिवाय या मोजमापात एक मूळचा दोषही आहे आणि तो त्या काळच्या संख्याशास्त्रज्ञांनीच दाखवून दिला होता. समजा, एका खेड्यात वर्षाला दहा बाळे पहिल्या वर्षी मरतात आणि दहा म्हातारे साठाव्या वर्षी. मृत्यूचे सरासरी वय साडेतीस येते. आता तितकेच म्हातारे असलेल्या एका नव्या गावात तरुण जोडपी दुप्पट आहेत आणि म्हणून बाळेही दुप्पट जन्मतात, असे धरू. बाळ मरण्याचा धोका अगदी तोच असला तरी वर्षाला वीस बाळे मरतील, म्हातारे दहाच, आणि सरासरी २१ च्याही किंचित खाली येईल. कुणाचाही जीव अधिक धोक्यात नसताना आकडा नऊ-दहा वर्षांनी घसरला. झपाट्याने वाढणारे गाव नेहमी तरुणांचे असते, म्हणून अशा गावाची ही सरासरी प्रत्यक्षापेक्षा भयंकर दिसते.

पण म्हणून कोष्टक फेकून द्यावे असे नाही. शहराच्या वयोरचनेने सगळा फरक समजावता येत नाही, कारण ३८ आणि १७ हे आकडे एकाच शहरातले आहेत. आणि दर हजार माणसांमागे वर्षाला किती मरतात हा तुलनेने साधा दर पाहिला, तरी मँचेस्टर दशकानुदशके तीसच्या आसपास राहिले. तरुणांच्या गावात हा दर खरे तर कमी असायला हवा. तो कमी नव्हता, म्हणजे बाळांचे मरण खरोखरच फार मोठे होते. पुढचे सगळे विवेचन त्या बाळांविषयी आहे, असे म्हटले तरी चालेल.

गाव कसे वाढले ते पाहू. १८०१ च्या जनगणनेत मँचेस्टरची वस्ती सुमारे ७५ हजार होती, १८५१ मध्ये ती तीन लाखांवर गेली. १८२१ ते १८३१ या एकाच दशकात ती जवळजवळ ४५ टक्क्यांनी वाढली. या वाढीचे कारण सांगताना बहुतेक जण कापूस आणि यंत्रे सांगून थांबतात. मला त्यापेक्षा वाफेच्या इंजिनाने काय बदलले हे अधिक महत्त्वाचे वाटते. पहिल्या कापूस गिरण्या पाण्याच्या जोरावर चालत. रिचर्ड आर्कराइटने १७७१ साली क्रॉमफर्डला जी गिरणी सुरू केली ती डोंगरातल्या ओढ्याकाठी होती. सॅम्युअल ग्रेगने १७८४ साली स्टायलला काढलेली गिरणीही नदीकाठच्या खेड्यात होती. पाणी जिथे वेगाने वाहते तिथे सहसा वस्ती नसते. त्यामुळे अशा मालकाला कामगार आणायचे तर आधी घरे बांधावी लागत. घर, दुकान, प्रार्थनामंदिर हे सगळे तो स्वतःच्या खर्चाने उभे करी. त्यात दयाबुद्धीपेक्षा गरज जास्त होती आणि मालकाची कामगारावरची पकडही त्यात घट्ट होती, तरी घर राहण्यायोग्य असण्यात त्याचा स्वतःचा फायदा होता. आजारी कामगाराच्या जागी दुसरा आणायला तिथे माणूसच नव्हता.

वाफेच्या इंजिनाला ओढा लागत नाही; त्याला कोळसा लागतो. मँचेस्टरला कोळसा स्वस्त झाला तो १७६१ मध्ये, वर्स्लीच्या खाणीतून थेट शहरापर्यंत आलेल्या ब्रिजवॉटर कालव्यामुळे. त्यानंतर काही दशकांत गिरण्या डोंगरातून शहरात उतरल्या. शहरात माणसे आधीच होती, लँकेशरच्या खेड्यांतून आणि आयर्लंडमधून रोज नवी येत होती, आणि गिरणीच्या फाटकापाशी सकाळी उभे राहणारे हात मालकाला आपण होऊन मिळत होते. घर बांधण्याची गरज संपली. माझ्या मते कारखान्याच्या गावाच्या इतिहासातला सर्वात मोठा बदल हाच आहे: कामगाराच्या निवाऱ्याची जबाबदारी मालकाच्या हिशेबातून निघून गेली आणि ती उचलणारा दुसरा कुणी तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

आमच्या बाजूलाही ही दोन टोके दिसतात. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तेव्हा आजूबाजूला शेते होती, म्हणून कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी राहिली, एच. ए. कॉलनी हे नाव आजही प्रत्येक रिक्षावाल्याला ठाऊक आहे. १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळाने भोसरी, चिंचवड, आकुर्डी या पट्ट्यात भूखंड पाडले आणि लहान-मोठे कारखाने दाटीने आले. त्यातल्या अनेकांनी वसाहती बांधल्या नाहीत. शेतकऱ्यांनी शेताच्या कडेला खोल्या काढल्या आणि आमच्यासारखी कुटुंबे तिथे भाड्याने राहिली. आमच्या चाळीत आठ खोल्यांना एक नळ आणि मागच्या बाजूला दोन संडास होते. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्यांनी आधी पाणी भरायचे हा न लिहिलेला नियम होता आणि त्यावरून भांडणेही होत. तरीही आमच्यातला कुणी पटकीने मेला नाही. नळातले पाणी शुद्ध करून येत होते, आम्हाला लशी टोचल्या होत्या आणि १९७० साली या परिसराला स्वतःची नगरपालिका मिळाली होती. मँचेस्टरला यातले काहीच नव्हते, हे लक्षात ठेवून तिथले घर पाहावे.

तिथले घर लहान ठेकेदार बांधत. थोडे उसने भांडवल, भाडेपट्ट्याने घेतलेली जमीन आणि एका हंगामात उभी राहणारी रांग, असा तो व्यवहार होता. विटेवर सरकारी कर होता, तो १८५० पर्यंत राहिला. म्हणून भिंती बऱ्याचदा अर्ध्या विटेच्या, म्हणजे साडेचार इंच जाडीच्या असत. जमीन वाचवण्यासाठी घरे पाठीला पाठ लावून बांधत. मागच्या घराची मागची भिंत तीच पुढच्या घराची मागची भिंत, त्यामुळे तीन बाजू बंद आणि दार-खिडकी फक्त एका बाजूला. खाली एक खोली, वर एक खोली, प्रत्येक साधारण बारा ते पंधरा फूट लांब-रुंद, आणि पुष्कळदा त्याखाली तळघर. आडवा वारा नाही. ज्या रांगा रस्त्याला न लागता आतल्या बाजूला तोंड करून असत, त्यांच्या मधोमध फरशी नसलेला एक बंदिस्त चौक राही आणि एका बोळातून त्यात शिरावे लागे. त्या चौकात सगळ्यांचा मिळून एक संडास, त्याला लागून राखेचा आणि कचऱ्याचा ढीग, आणि असलाच तर एक पंप. संपूर्ण घराचे भाडे आठवड्याला तीन-चार शिलिंग पडे. ते परवडावे म्हणून कुटुंबे पोटभाडेकरी ठेवत किंवा मग तळघरात राहत. १८३३ मध्ये स्थापन झालेल्या मँचेस्टरच्या संख्याशास्त्र मंडळाने पुढच्या दोन वर्षांत घरोघर फिरून पाहणी केली तेव्हा कष्टकरी वस्तीतला दर दहा माणसांमागे एकाहून थोडा अधिक माणूस तळघरात राहत होता.

घर कोंदट होते, पण माणसे घराच्या कोंदटपणाने मेली नाहीत. मारणारी गोष्ट चौकात होती. तिचे अर्थशास्त्र नीट कळले की बाकीचे आपोआप उलगडते.

त्या काळचा संडास म्हणजे जमिनीतला खड्डा आणि त्यावर बसण्याची फळी. त्यात चुलीची राख टाकत. गाव लहान होते तेव्हा आसपासचे शेतकरी गाडी घेऊन येत आणि तो मैला खतासाठी विकत घेऊन जात. पूर्वी आपल्याकडेही मैल्यापासून केलेल्या सोनखताला उसाच्या शेतकऱ्यांकडून चांगली मागणी होती. तसाच हा धंदा होता आणि तो चांगला चालत होता. खड्डा रिकामा होई, घरमालकाला चार पैसे मिळत, शेताला खत मिळे. ही व्यवस्था कुणी योजून केलेली नव्हती, तरीही ती गावाची स्वच्छता सांभाळत होती. गाव वाढले तशी शेते लांब गेली आणि मैला मात्र अनेक पटींनी वाढला. गाडीभर मैला चार-पाच मैल ओढत नेण्याचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त झाला. शेतकरी यायचा थांबला. आता खड्डा उपसायला उलट पैसे मोजावे लागणार होते आणि ते मोजण्याचे घरमालकावर कसलेही बंधन नव्हते. त्याने उपसा लांबवला. खड्डा भरून वाहू लागला, चौकातली माती ओली झाली आणि ती ओल शेजारच्या तळघरात आणि विहिरीत उतरली. विकली जाणारी वस्तू पाच-पंचवीस वर्षांत टाकाऊ झाली आणि हा बदल कुणाच्याही वहीत नोंदला गेला नाही.

चौकातल्या त्या ढिगाची दखल नगरपालिकेने घ्यायची, हे आज आपण गृहीत धरतो. मँचेस्टरला १८३८ पर्यंत निवडून आलेली नगरपालिकाच नव्हती. कागदोपत्री ते एका जमीनदाराच्या जहागिरीतले गाव होते आणि १८३२ पर्यंत त्याला पार्लमेंटमध्ये एकही प्रतिनिधी नव्हता. रस्ते, दिवे आणि सफाई एका आयुक्त मंडळाकडे होती. पण त्या मंडळाचे झाडूवाले फक्त रीतसर ताब्यात घेतलेल्या रस्त्यांवर जात. रस्ता ताब्यात घेण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंच्या मालकांनी आधी स्वखर्चाने फरसबंदी आणि गटार करून द्यावे लागे. मालकांनी ते केले नाही की रस्ता खाजगी राही आणि खाजगी रस्त्यावरची घाण ही कायद्याने कुणाचीच नव्हती. आतला चौक तर खाजगीतला खाजगी. त्यामुळे श्रीमंत वस्तीत झाडू फिरे आणि जिथे त्याची गरज होती तिथे तो कायद्यानेच जाऊ शकत नसे.

१८३२ च्या पटकीने हे सगळे प्रथमच मोजले गेले. साथ येणार हे दिसताच शहरात तात्पुरती आरोग्य मंडळे नेमली गेली, माणसे वॉर्डावॉर्डांत फिरली आणि जेम्स फिलिप्स के या तरुण डॉक्टरने ते आकडे एका पुस्तिकेत छापले. पाहिलेल्या ६८७ रस्त्यांपैकी २४८ रस्त्यांना अजिबात फरशी नव्हती आणि ३५२ रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग, साचलेली डबकी किंवा मैला होता. पाहिलेल्या ६,९५१ घरांपैकी २,२२१ घरांना संडास नव्हता. त्यातली एक नोंद मी कितीदा वाचली असेन: पार्लमेंट स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर ३८० रहिवाशांना मिळून एक संडास, आणि तो एका अरुंद बोळात, आजूबाजूच्या घरांना लागून. ३८० माणसे म्हणजे आमच्या आकुर्डीच्या चाळीसारख्या आठ-नऊ चाळी. पहाटे गिरणीचा भोंगा होण्याआधी त्या बोळात काय होत असेल, हे ज्याने चाळीतली रांग पाहिली आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. बायका आणि मुले तिथपर्यंत जातच नसणार. भांडे घरातच असणार आणि ते चौकात ओतले जाणार.

आता त्या घरातले बाळ पाहू. आई गिरणीत आहे, कारण सूत आणि कापड गिरण्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती आणि तिच्या पगाराशिवाय भाडे निघत नव्हते. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ती कामावर परतते. बाळ शेजारच्या म्हातारीकडे किंवा आठ वर्षांच्या बहिणीकडे राहते. अंगावरचे दूध दिवसभर मिळत नाही, म्हणून पाण्यात भिजवलेला पाव किंवा पाणी घातलेले दूध दिले जाते. ते पाणी चौकातले आहे आणि दूध ज्या वाटीत ठेवले आहे तिच्यावर चौकातल्या माश्या बसत आहेत. बाळ रडते तेव्हा त्याला गॉडफ्रेज कॉर्डियल नावाचे अफू घातलेले पाक-औषध चमच्याने पाजतात. मुंबईच्या गिरणगावात बाळागोळी देत, त्यातलाच हा प्रकार. अफूने झोपलेले बाळ दूध मागत नाही, त्याचे पोषण उतरते आणि उन्हाळ्यात जुलाब सुरू झाले की ते दोन-तीन दिवसांत जाते. पटकीच्या साथीने शहर हादरले, अहवाल निघाले. पण दरवर्षी जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत जुलाबाने जाणाऱ्या बाळांची एकूण संख्या साथीतल्या बळींपेक्षा कितीतरी मोठी होती आणि ते मरण रोजचे असल्यामुळे त्याचा गाजावाजा होत नव्हता. त्या आयांवर त्या काळी फार टीका झाली, त्यांना बेपर्वा म्हटले गेले. मला ती टीका वाचवत नाही. तिच्यासमोर भाडे आणि बाळ यांतले एक निवडण्याची वेळ रोज येत होती आणि भाडे चुकले असते तर दोघेही रस्त्यावर आले असते.

सुधारणा कशी झाली, याची गोष्ट शाळेत आपण सरळ रेषेत शिकतो: घाण होती, अहवाल आले, कायदे झाले, घाण गेली. मँचेस्टरमध्ये तसे झाले नाही, आणि जे झाले ते जास्त शिकण्यासारखे आहे.

सुरुवात चांगली होती. नव्या नगरपालिकेने १८४४ साली स्थानिक कायदा करून घेतला आणि प्रत्येक नव्या घराला संडासाची सोय सक्तीची केली. पाठीला पाठ लावलेल्या घराला मागे जागाच नसल्यामुळे अशी नवी घरे त्यानंतर बांधता येईनात. पाण्याचे कामही जोरात झाले. त्याआधी एका खाजगी कंपनीकडे पाणी होते आणि तिने सुरुवातीला दगड कोरून केलेले नळ जमिनीत टाकले होते. दाब वाढताच ते फुटले आणि वर्षे वाया गेली. नगरपालिकेने पाणीपुरवठा हाती घेतला आणि जॉन फ्रेडरिक बेटमन या अभियंत्याने शहराच्या पूर्वेकडच्या लाँगडेंडेल खोऱ्यात धरणांची साखळी बांधायला घेतली. काम १८४८ मध्ये सुरू झाले आणि १८५१ मध्ये डोंगरातले स्वच्छ पाणी शहरात पोचले. त्या काळातले हे जगातल्या मोठ्या धरण-प्रकल्पांपैकी एक होते.

स्वच्छ पाणी आले, तरी मृत्युदर पुढची वीस वर्षे जवळजवळ हलला नाही. मी हे प्रथम वाचले तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. कारण शोधू लागल्यावर कळले की पाणी आले तरी संडास तोच राहिला. लाँगडेंडेलचे पाणी महाग पडले होते आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक गिरण्या, रंगकाम आणि बाष्पके हे होते. घरोघर पाण्याचे संडास झाले तर रोज प्रचंड पाणी केवळ मैला वाहून नेण्यात जाईल, आणि तो मैला गटारांतून शेवटी इर्क, मेडलॉक आणि अरवेल या आधीच काळ्या पडलेल्या नद्यांत जाईल, अशी नगरपालिकेची भीती होती. ती खोटी नव्हती. शिवाय जुन्या चौकांत सुधारणा करायची म्हणजे घरमालकांना खर्च सोसायला लावायचा, आणि कर भरणारे घरमालक हेच नगरपालिकेचे मतदार होते. म्हणून गरिबांच्या वस्तीत पाण्याच्या संडासाला परवानगी देण्याऐवजी नगरपालिकेने त्याला विरोधच केला. नळाचे पाणी स्वच्छ होते. पण ते भरायचे भांडे, हात, ओटा आणि चौक मैल्याच्या खड्ड्याशेजारीच होते. जुलाबाचे जंतू पाण्यातून आले नाहीत तर माशीच्या पायांवरून आणि बोटांवरून येत होते.

१८६८ मध्ये शहराला पहिला आरोग्य अधिकारी मिळाला, जॉन ली. त्याच्या काळात खड्ड्याचे संडास बदलून डब्याचे संडास बसवण्याची मोहीम झाली. फळीखाली एक डबा, दर आठवड्याला गाडी येई, भरलेला डबा झाकण लावून नेई आणि धुतलेला ठेवून जाई. मैला एका आगारात नेऊन त्याचे खत करत. आपल्याकडे ज्यांनी डब्याचे संडास आणि ते डोक्यावरून वाहणारी माणसे पाहिली आहेत, त्यांना या पद्धतीमागची माणसाची यातना निराळी सांगायला नको. मँचेस्टरमध्येही ते काम रात्रीच्या अंधारात करणारे मजूर होते आणि त्यांच्याविषयी फार थोडे लिहून ठेवलेले आहे. आरोग्याच्या दृष्टीने हा खड्ड्यापेक्षा बरा उपाय होता, कारण माती भिजणे थांबले. मृत्युदर हळूहळू उतरू लागला. पण आठवडाभर उघडा असणारा डबा उन्हाळ्यात माश्यांना पुरेसा होता. याच सुमारास मोठ्यांचे मरण कमी होत गेले आणि तान्ह्यांचे तेवढेच राहिले. ही फारकत पाहून डोळे उघडायला हवे होते: जे रोग पाण्यातून किंवा गर्दीतून येतात ते मागे हटत होते आणि जो रोग मैल्याच्या निकटपणामुळे येतो तो जागचा हलत नव्हता.

१८९४ हे वर्ष मला या कहाणीत सर्वात महत्त्वाचे वाटते, कारण तीन गोष्टी एकदम जुळून आल्या. थर्लमिअर सरोवरातून सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या कालव्याने केवळ उताराच्या जोरावर नवे पाणी शहरात आले, त्यामुळे पाणी वाचवण्याची सबब संपली. डेव्हीहल्म येथे मैलापाणी शुद्ध करण्याचे केंद्र सुरू झाले, त्यामुळे ते नदीत जाईल ही भीती कमी झाली. (याच केंद्रावरच्या प्रयोगांतून १९१४ मध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मैलापाण्यात हवा खेळवून त्यातल्या जंतूंकडूनच ते शुद्ध करून घेण्याची सक्रिय गाळाची पद्धत मांडली, जी आज जगभर वापरली जाते.) आणि त्याच वर्षी जेम्स निव्हन हे आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झाले.

निव्हन यांनी जे काम केले त्याची एक तपशीलवार बाजू मला फार आवडते. त्यांनी घरांमध्ये माश्यांचे सापळे लावले आणि त्यात सापडलेल्या माश्या आठवड्यागणिक मोजल्या. त्या संख्येशेजारी त्यांनी जुलाबाच्या बाळांची आणि मृत्यूंची संख्या मांडली. उष्णतेचे दिवस आले की माश्या वाढत आणि त्यांच्या मागोमाग मृत्यूंची रेघ चढे; थंडी पडली की दोन्ही उतरत. उष्णता स्वतःच बाळांना मारत असती तर गरम दिवस येताच मरण वाढले असते. पण मरण माश्यांच्या संख्येच्या मागे येत होते. डब्यांचे संडास काढून पाण्याचे संडास बसवण्यासाठी त्यांच्या हाती हा पुरावा आला. त्याबरोबर घरोघर फिरून आईशी बोलणाऱ्या स्त्रियांचे काम वाढले. या प्रथेची सुरुवात मँचेस्टर-सॅल्फर्डमध्ये १८६२ सालीच झाली होती, एका महिला मंडळाने पगार देऊन नेमलेल्या कष्टकरी बायकांकडून. त्या घरात जाऊन अंगावर पाजणे, बाटली उकळणे, दूध झाकणे हे दाखवत. भाषण देत नसत.

डब्यांचे संडास विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बहुतांशी संपले. पूर्ण इंग्लंड-वेल्सचे आकडे पाहिले तर १८९९ मध्ये दर हजार जन्मांमागे १६३ बाळे वर्षाच्या आत मरत होती, १९१० मध्ये ती संख्या १०५ वर आली. १९११ चा उन्हाळा अतिशय कडक गेला, जुलाबाची साथ आली आणि संख्या पुन्हा १३० वर चढली. म्हणजे काम अर्ध्यावरच होते आणि ज्या घरांत जुने संडास राहिले होते तिथेच उष्णतेचा तडाखा सर्वात जास्त बसला. १९१२ मध्ये ती ९५ वर उतरली.

कालव्याने कोळसा आला त्या १७६१ पासून मोजले तर बाळांच्या मरणाची ही घसरण सुरू व्हायला जवळपास दीडशे वर्षे लागली. इंजिन बनवणे, धरण बांधणे, डोंगर फोडून कालवा आणणे ही कामे त्यातली थोडी वर्षे घेऊन गेली. बाकीचा काळ चौकातला खड्डा कुणी भरायचा, कुणी रिकामा करायचा आणि त्याचा खर्च भाड्यातून जावा की करातून, हे ठरवण्यात गेला.